सात रात्रींचं केरळ, पाच माणसं आणि सामानाची एकच यादी

प्रश्न: आम्ही नाशिकरोडला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत मंगला एक्स्प्रेसने केरळला चाललोय. जाता-येता गाडीत एकेक रात्र, कोचीला एक, मुन्नारला दोन, अलेप्पीला एक, गुरुवायूरला एक. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, मधुमेह, इन्सुलिन सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट), मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा. दर वेळी यादी करते, तरी काहीतरी राहतंच आणि बॅगा मात्र फुगतात. माणसाप्रमाणे करू की वस्तूंप्रमाणे, तेच कळत नाही. एकदा बसून नीट यादी कशी करायची ते सांगाल का?

उत्तर:

दोन्ही प्रकारे करायची, पण एकाच कागदावर. नाशिकहून कुटुंबांच्या सहली नेण्याचं काम मी बरीच वर्षं करते. सामानाच्या तक्रारी ऐकल्या की बहुतेक वेळा कारण एकच निघतं. नुसती माणसाप्रमाणे यादी केली की टूथपेस्ट तीन बॅगांत जाते आणि नेलकटर एकाही नाही. नुसती वस्तूंप्रमाणे केली की ‘स्वेटर’ समोर टिक होते, पण ती चौघांच्या स्वेटरची असते, पाचवा घरी खुंटीला.

मुलीच्या जुन्या वहीचं जोडपान घ्या आणि आडवं धरा. वर सहा रकाने : सासूबाई, हे, मी, मुलगी, मुलगा आणि सहावा ‘सगळ्यांचं’. डावीकडे खाली ओळी : कपडे, औषधं, आंघोळीचं सामान, कागदपत्रं-पैसे, खाणंपिणं, मोबाइल-चार्जर, मुलांचा विरंगुळा. मग चौकटी भरायच्या. नियम एवढाच की एक वस्तू एकाच चौकटीत. टूथब्रश ज्याच्या त्याच्या रकान्यात, टूथपेस्ट ‘सगळ्यांचं’मध्ये. सासूबाईंच्या गोळ्या त्यांच्या रकान्यात, तापाची गोळी सगळ्यांच्यात. एखादी चौकट रिकामी राहिली तर तिथे मुद्दाम फुली मारा, म्हणजे ती विचार करून रिकामी ठेवली आहे हे कळतं. मुलाच्या ‘कागदपत्रं’ चौकटीत तुम्ही फुली मारायला जाल आणि तेव्हाच त्याचं आधार आठवेल.

पण चौकटी भरण्याआधी पानाच्या वरच्या कडेला आठ दिवस लिहून काढा. कुठल्या दिवशी कुठे आहोत, तिथली हवा कशी, कपडे वाळतील का. बॅगा फुगतात त्या हे न लिहिल्यामुळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केरळात परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर ढग येऊन तास-दोन तास चांगला झोडपतो. नाशिकला तोवर छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात, त्यामुळे ह्या दिवसांत केरळला जाणारे नाशिककर सगळ्यात जास्त विसरतात ती छत्री. मुन्नार साधारण दीड हजार मीटरवर आहे, रात्री चांगली थंडी असते आणि हवा ओली. तिथे दोन रात्री आहात म्हणून कपडे धुवायचा मोह होईल, पण सुती कपडा तिथे दोन दिवसांत वाळत नाही. दमट निघतो आणि मग बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांनाही वास लावतो. कोचीला घाम भरपूर, पण खोलीत पंखा लावून पातळ कपडा रात्रीत वाळतो. म्हणजे तुमच्या प्रवासात भरवशाचं धुणं एकदाच : दुसऱ्या दिवशी कोचीला पोचल्यावर, गाडीतले कपडे.

ह्यावरून मोठ्यांचा हिशोब असा निघतो. पहिला दिवस गाडीतला, एक जोड. दुसरा दिवस कोची, दुसरा जोड, आणि गाडीतला जोड धुवायला. तिसऱ्या दिवशी मुन्नारकडे, चौथा मुन्नारला, पाचव्या दिवशी अलेप्पी, सहाव्या दिवशी गुरुवायूर, ह्या चार दिवसांचे चार. सातव्या दिवशी दर्शनाचा पोशाख वेगळा, आणि परतीच्या गाडीत कोचीला धुतलेला पहिला जोड. म्हणजे वरचे कपडे सहा, त्यातला एक अंगावर. खालचे मात्र सहा लागत नाहीत. मुन्नारला घाम येत नाही, तिथे एकच पँट दोन-तीन दिवस चालते. तीन पुरतात. जीन्स असेल तर एकच आणि तीही मुन्नारसाठी, कारण अलेप्पीच्या पावसात भिजलेली जीन्स घरी येईपर्यंत ओली राहते.

हा तुमच्या कागदावरचा कपड्यांचा भाग :

| | सासूबाई | हे | मी | मुलगी | मुलगा |
|---|---|---|---|---|---|
| दिवसाचे | साड्या ५ (एक अंगावर), ब्लाउज ५, परकर ३ | शर्ट-टीशर्ट ६, पँट ३ | कुर्ते ६, सलवार-लेगिंग ३ | टॉप-फ्रॉक ७, लेगिंग ४ | टीशर्ट १०, चड्ड्या-पँट ८ |
| रात्रीचे | गाऊन २ | १ जोड | १ जोड | २ जोड | २ जोड |
| आतले | ८ | ८ | ८ | ८ | १० |
| थंडीचे | स्वेटर, शाल, कानटोपी, मोजे | जॅकेट | स्वेटर, स्कार्फ | स्वेटर, टोपी, मोजे २ | स्वेटर, टोपी, मोजे ३ |
| पावसाचे | छत्री | छत्री | छत्री | रेनकोट | रेनकोट |
| दर्शनाचे | चांगली साडी (पाचातलीच) | मुंडू किंवा धोतर | साडी किंवा सलवार-कमीज | लांब स्कर्ट | छोटा मुंडू, तिथेच घ्या |

सासूबाईंच्या रकान्यात ‘साडी ५’ एवढंच लिहू नका. साडी सगळ्यांच्या लक्षात राहते, परकर राहत नाही, आणि पिनांचं पाकीट तर मुळीच नाही. आतल्या कपड्यांत काटकसर करायची नाही, दिवसाला एक हा आकडा जसाच्या तसा ठेवा. मुलाचे दहा टीशर्ट बघून घरचे हसतील. पण कोचीहून मुन्नारचा रस्ता साधारण १३० किलोमीटर आणि निम्म्यापुढे घाट. तीन वर्षांच्या पोराला गाडी लागली की दोन कपडे तिथेच जातात, आणि सोबत त्याला मांडीवर घेतलेल्याचाही एक. म्हणून त्या दिवशी तुमचाही एक कुर्ता हाताशी हवा.

गुरुवायूरला देवळात पुरुषांना मुंडू लागतो, शर्ट-पँटवर आत सोडत नाहीत. घरात पूजेचं धोतर असेल तर तेच न्या, नसेल तर देवळाबाहेर मुंडू मिळतात. मोबाइलही आत नेता येत नाही. मुंडूला खिसा नसतो हे तिथे गेल्यावर लक्षात येतं, म्हणून दर्शनाच्या ओळीत एक लहान कापडी बटवा लिहून ठेवा, पैसे आणि खोलीची किल्ली त्यात.

आता औषधांची ओळ. तुमच्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची चौकट सासूबाईंच्या रकान्यात आहे आणि तिथे ‘इन्सुलिन पेन १’ असं लिहून मोकळं होता येत नाही. हिशोब करून बघा. सकाळी १८ आणि रात्री १२, दिवसाला ३० युनिट. आठ दिवसांचे २४०. पेनमध्ये साधारणपणे ३०० युनिट असतात, म्हणजे एक पुरेल असं वाटतं. पण दर वेळी सुई लावल्यावर हवा काढायला दोन युनिट सोडतात. दिवसातून दोनदा, आठ दिवस, म्हणजे ३२. झाले २७२. आता हातातलं पेन आधीपासून चालू असेल, किंवा परतीची गाडी बारा तास रखडली, तर एक पेन संपलंच समजा. दोन न्यायची, एक चालू आणि एक नवं, आणि दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत. सासूबाई काडतुसाचं पेन किंवा बाटली वापरत असतील तरी हिशोब हाच, फक्त आकडे लेबलवरून घ्या. सुया रोज दोन धरून सोळा, वर सहा. ग्लुकोमीटर, पट्ट्या, टोचणीच्या सुया आणि मीटरचा जादा सेल. वापरलेल्या सुयांसाठी घट्ट झाकणाची एक जाड प्लास्टिकची बाटली, हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात सुया सुट्या टाकायच्या नाहीत. साखर उतरली तर लगेच द्यायला ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं.

चालू पेन फ्रिजबाहेर, तीस अंशांच्या आत, साधारण चार आठवडे राहतं. नेमके दिवस कंपनीप्रमाणे बदलतात, ते पेनसोबतच्या चिठ्ठीवर बघा. त्यामुळे आठ दिवसांसाठी बर्फाचा डबा घेऊन फिरायची गरज नाही, ऊन लागू द्यायचं नाही एवढंच. उलट नुकसान होतं ते फार थंड केल्याने. बर्फाच्या पिशवीला चिकटवून ठेवलेलं किंवा हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेलं पेन गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी वापरायचं नाही. थंडावा ठेवणारी लहान पिशवी घ्या आणि पेन नॅपकिनमध्ये गुंडाळून त्यात ठेवा. बंद गाडीत उन्हात मात्र ती पिशवी क्षणभरही सोडू नका. बाकी गोळ्या आठ दिवसांच्या, अधिक तीन दिवसांच्या, आणि डबीत सुट्या काढण्याऐवजी पट्टीतच न्या, नाव आणि मुदत वाचता येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो तुमच्या आणि ह्यांच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये.

मुलाच्या चौकटीत ‘तापाचं औषध’ लिहिताना त्यापुढे बाटलीवरचा आकडा लिहा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिलीग्रॅमचं येतं तसंच २५० चंही येतं. बाटली फुटली आणि परगावी दुसरी घेतली की चमचा तोच देतात आणि डोस दुप्पट होतो. निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे किती मिली ते कागदावर घ्या, गाडी लागण्याच्या औषधाचंही तिथेच विचारा. ओआरएसच्या मोठ्या पुड्या चार, ‘सगळ्यांचं’मध्ये. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, ती अख्खी एका लिटरमध्येच विरघळवायची, पेल्यात थोडी-थोडी नाही. म्हणून ओआरएसशेजारी ‘लिटरची बाटली’ असंही लिहा.

डायपर रात्रीपुरतेच लागत असतील तर सात रात्रींचे सात, दोन्ही गाड्यांत दिवसा मिळून सहा, घाटात चढताना-उतरताना दोन. पंधरा झाले, वर तीन. पण हे सगळे घरून न्यायचे नाहीत. कोचीला हवे ते मिळतात, त्यामुळे तिथवरचे सहा-सात न्या आणि बाकीचे तिथे घ्या. पहिल्या मुक्कामाला दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूला मी हेच लावते : शॅम्पू, साबण, बिस्किटं, ओले रुमाल. दुकानात हमखास न मिळणाऱ्या गोष्टी म्हणजे चष्मा, कवळी, मुलाचं ते झोपताना लागणारं मळकं पांघरूण. त्या आधी लिहायच्या.

खाण्याच्या ओळीत फक्त गाडीचा पहिला दिवस धरा. दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, चिवडा, मुलासाठी भाजलेलं नाचणीचं सत्त्व. साध्या पोळ्या दुसऱ्या दिवशी कडक होतात, दशम्या टिकतात. सत्त्वाला गरम पाणी लागेल ते थर्मासमध्ये न्या. डब्यातल्या मोबाइलच्या सॉकेटला विजेची किटली लावायला रेल्वेची मनाई आहे. सासूबाईंचं जेवण इन्सुलिनच्या वेळेला मिळायला हवं, त्यामुळे त्यांचा डबा वेगळा आणि वरती.

कागदपत्रांसाठी रेल्वेत तिकिटावरच्या एकाचं मूळ ओळखपत्र चालतं, पण हॉटेलवाले प्रत्येक मोठ्या माणसाचं मागतात. तिघांचं मूळ, मुलांचं आधार झेरॉक्ससकट. थोडे पैसे सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा, सगळी रोकड ह्यांच्याकडेच नको.

चौकटी भरून झाल्या की प्रत्येक वस्तूपुढे ती कुठल्या बॅगेत जाणार ते एका अक्षरात लिहायचं. इथे आधी डाग मोजा. नाशिकरोडला मंगला काही मिनिटंच थांबते, आणि त्या मिनिटांत तुम्हाला एक आजी, एक पेंगुळलेलं पोर आणि सगळं सामान चढवायचंय. दोन ट्रॉल्या ह्यांच्या दोन हातांत. पाठीवरची सॅक तुमच्या पाठीवर आणि मुलगा तुमच्या हाताला. मुलीची छोटी सॅक तिच्याच पाठीवर. सासूबाईंकडे फक्त पर्स. सहावा डाग खाण्याची पिशवी, ती ट्रॉलीच्या दांड्याला. सातवा डाग उचलायला कोणी मोकळं नाही, म्हणून सातवा नाही. ट्रॉल्या मध्यम आकाराच्या घ्या, मोठी ट्रॉली खालच्या बर्थखाली सरकत नाही आणि मग रात्रभर वाटेत उभी राहते.

यादी माणसाप्रमाणे असली तरी बॅगा माणसाप्रमाणे भरायच्याच असं नाही. पहिल्या ट्रॉलीत मोठ्यांचे कपडे, दुसरीत मुलांचे आणि आंघोळीचं. पण पाचही जणांचे स्वेटर, टोप्या आणि मोजे एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी दुसऱ्या ट्रॉलीत अगदी वर ठेवा, कारण ते लागतात घाटात, हॉटेलवर पोचण्याआधी. मुन्नार सोडताना ती पिशवी तळाशी जाते. अलेप्पीच्या एका रात्रीसाठी पाचही जणांचा एकेक जोड आणि रात्रीचे कपडे मिळून एक पिशवी, म्हणजे तिथे दोन्ही ट्रॉल्या उघडाव्या लागत नाहीत. तुमच्या सॅकमध्ये मुलाचे दोन जोड, तुमचा कुर्ता, डायपर, उलटीच्या पिशव्या, ओले रुमाल, दुसरं पेन आणि एक छत्री. पहिलं पेन आणि गोळ्या सासूबाईंच्या पर्समध्ये. पर्स उशाशी ठेवायची, बर्थखाली नाही.

टिक करायची पद्धत बदला. वस्तू विसरते ती बहुतेक वेळा यादीत नसल्यामुळे नाही, पलंगावर काढून ठेवल्यावर टिक झाली आणि भरायची राहिली म्हणून. प्रत्येक वस्तूला दोन खुणा हव्यात : कपाटातून काढली की तिरकी रेघ, बॅगेत गेली की ती रेघ काटून फुली. निघायच्या दोन दिवस आधी पानभर रेघा दिसायला हव्यात, आदल्या रात्री सगळ्या फुल्या. मुलीला हे काम द्या. नऊ वर्षांची मुलं ह्यात भलतीच कडक असतात, आईने ‘भरलं गं’ म्हटलं तरी बॅग उघडून बघतात.

ज्या वस्तू शेवटच्या क्षणापर्यंत वापरात असतात त्यांना फुली पडूच शकत नाही. त्यांची वेगळी चिठ्ठी करून घराच्या दाराला आतून चिकटवा. तुमच्या घरची अशी होईल : फ्रिजमधलं नवं पेन, सासूबाईंची कवळी आणि चष्मा, पाचही ब्रश, दोन चार्जर, मुलाचं पांघरूण, दशम्यांचा डबा, थर्मास. त्याच चिठ्ठीवर खाली गॅस, गीझर आणि पाण्याचा नळ. कुलूप लावणाऱ्याने चिठ्ठी काढून खिशात घालायची.

आणि ती फेकू नका. तीच चिठ्ठी चारही मुक्कामांवर खोली सोडताना लागते, कारण हॉटेलात राहतात त्याही ह्याच वस्तू : फ्रिजमधलं पेन, प्लगमधला चार्जर, बाथरूममधले ब्रश, चादरीत गुंडाळलं गेलेलं पांघरूण. गुरुवायूरहून तुम्ही त्रिशूरला मंगला पकडणार असाल तर खोली सोडताना ती मोठ्याने वाचा आणि टॅक्सीत बसण्याआधी सहा डाग मोजा. केळ्याचे वेफर्स आणि मसाले घेतलेच असतील तर ते रिकाम्या झालेल्या खाण्याच्या पिशवीत.